सोसायटीच्या सभेचा ठराव असा लिहा की पुढे अर्थावरून वाद होणार नाही

आमच्या सोसायटीच्या जुन्या प्रोसिडिंग बुकात एक ओळ आहे : ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यावे असे सर्वानुमते ठरले.’ पैसे कुठून, प्रत्येक फ्लॅटला किती, काम कोण पाहणार, यातले काहीच त्यात नाही. पुढे वर्गणीची बिले निघाली तेव्हा मोठ्या फ्लॅटवाले म्हणाले, सारखी विभागणी ठरली होती. छोट्या फ्लॅटवाले म्हणाले, चौरस फुटाप्रमाणे. दोन्ही बाजूंना आपली आठवण खरी वाटत होती आणि वही गप्प होती. नंतर सेक्रेटरीचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी पद्धत बदलली.

तयारी सभेच्या आधीच करायची. अजेंड्यावरच्या प्रत्येक खर्चाच्या विषयाचा ठराव कच्चा लिहून न्या आणि रक्कम, तारीख, नाव यांच्या जागा मोकळ्या सोडा. सभेत चर्चा झाली की त्या जागा भरा आणि मतदानाआधी पूर्ण ठराव मोठ्याने वाचून दाखवा. ही एक सवय बाकी सगळ्यापेक्षा मोलाची आहे, कारण मग लोक आपापल्या समजुतीवर नव्हे तर त्या शब्दांवर हात वर करतात. दुरुस्ती हवी असेल तर ती तिथेच होते.

हजेरीपत्रकावर सही घेताना फ्लॅट क्रमांक लिहून घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती न झाल्याने सभा अर्धा तास थांबून तहकूब केली असेल, तर त्या वेळाही लिहा. सभा अवैध होती असा आक्षेप बहुधा इथूनच येतो.

मतदानाच्या वेळी सभागृहात किती सभासद आहेत ते पुन्हा मोजा. 36 फ्लॅटच्या सोसायटीत 23 जणांनी सह्या केल्या, पण गच्चीचा विषय येईपर्यंत दोघे निघून गेले असे समजा. बाजूने 14, विरोधात 5, तटस्थ 2 : बेरीज 21 आली पाहिजे. ती जुळली नाही तर तिथेच पुन्हा हात वर करायला सांगा. घरी आल्यावर आकडा जुळवत बसू नका. एकाही सभासदाचा विरोध असेल तर ‘सर्वानुमते’ लिहू नका, ‘बहुमताने’ लिहा. आपला विरोध नावानिशी नोंदवा असे कुणी म्हटले, तर नाव, फ्लॅट क्रमांक आणि कारण एका वाक्यात घ्या. उद्या तोच सभासद ‘मला विचारलेच नाही’ म्हणाला तरी नोंद बोलेल, आणि त्याचे म्हणणे दाबले गेले असेही होणार नाही.

वरचा ठराव मी असा लिहीन :

‘ठराव क्र. 4. गच्चीचे वॉटरप्रूफिंग 4,80,000 रुपयांपर्यंतच्या खर्चात करून घ्यावे. त्यांपैकी 1,80,000 दुरुस्ती निधीतून घ्यावेत. उरलेले 3,00,000 सभासदांकडून एकूण 24,000 चौरस फुटांवर, म्हणजे प्रति चौरस फूट 12.50 रुपये दराने, 30 नोव्हेंबरपर्यंत जमा करावेत. तिन्ही दरपत्रके (जोडपत्र 2) पाहून कंत्राटदार ठरवणे व कामावर देखरेख करणे ही जबाबदारी खजिनदार आणि फ्लॅट क्र. 302 व 501 चे सभासद यांची राहील. खर्च या मर्यादेपुढे गेल्यास पुन्हा सभेपुढे यावे. सूचक : फ्लॅट 104. अनुमोदक : फ्लॅट 203. उपस्थित 21, बाजूने 14, विरोधात 5, तटस्थ 2. ठराव बहुमताने मंजूर.’

600 चौरस फुटांच्या फ्लॅटवाल्याला आता 7,500 रुपये द्यायचे आहेत हे त्याला स्वतःलाच काढता येते. प्रत्यक्षात सूचक-अनुमोदकांची नावेही लिहा. जबाबदारी मात्र ‘समितीने पाहावे’ अशी कधीच लिहू नका. वर्षभराने समिती बदलते आणि काम कुणाचेच राहत नाही.

चर्चेतले प्रत्येक वाक्य उतरवण्याची गरज नाही. कोण कुणाला काय बोलले यापेक्षा कोणते पर्याय समोर होते आणि एखादा का नाकारला, एवढे दोन-तीन ओळींत पुरते. ‘ऐनवेळचे विषय’ यात मोठा खर्च मंजूर करून घेऊ नका. घरी राहिलेल्या सभासदांना त्याची नोटीसच नव्हती, आणि हाच मुद्दा पुढे सहकार न्यायालयात उभा राहतो.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मसुदा लिहून काढा. आदर्श उपविधी समितीला मसुदा तयार करायला तीन महिने देतात, पण तोवर आठवण बदललेली असते. समितीने मसुदा सभासदांना पाठवला की त्यांना हरकती कळवायला 15 दिवस मिळतात. त्या लेखीच घ्या. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा. ‘मी असे म्हणालो नव्हतो’ ही हरकत टिपणे पाहून तपासा. पण ‘हा निर्णयच चुकला’ ही मसुद्यावरची हरकत नव्हे, तसे उत्तर द्या.

पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय येतो, तेव्हाही हीच गल्लत होते. तिथे नोंद बरोबर आहे का एवढेच विचारायचे असते; वॉटरप्रूफिंगवर पुन्हा मतदान नसते.

वहीत पानांना क्रमांक घाला, मोकळी जागा रेघ मारून बंद करा, खाडाखोडीशेजारी अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांची सही घ्या. दरपत्रके, नोटीस आणि हजेरीपत्रक त्याच सभेच्या फायलीत लावा. ठरावातले ‘जोडपत्र 2’ पाच वर्षांनी कुणी मागितले, तर ते हाती लागले पाहिजे.