वहीच्या फोटोतले अकरा आकडे: चतुर्थक, कुंपण आणि एक फसवा ८९

दहा दिवसांच्या रोपांची उंची मोजून लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो माझ्याकडे आला. अकरा रोपे, उंची मिलिमीटरमध्ये, एकाखाली एक. प्रश्न एवढाच होता की यातले एखादे रोप बाकीच्यांपेक्षा खरोखर वेगळे वाढले आहे का. त्यासाठी चतुर्थक, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या यादीचे साधारण चार सारखे भाग पाडणारे आकडे, काढायचे आणि दोन्ही बाजूंना कुंपण, म्हणजे ज्याबाहेरची नोंद वेगळी वाटावी अशी हद्द, घालून बघायचे. हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण फोटोवरून करताना खरा वेळ आकडे नीट वाचण्यात जातो.

पहिले काम म्हणजे फोटो मोठा करून आकडे पानावरच्या क्रमानेच उतरवून घेणे. वाचता वाचता चढत्या क्रमाने लावायला जाऊ नका. पुढे शंका आली की सातव्या ओळीत काय होते हे बघायला मूळ क्रम लागतोच. उतरवून झाल्यावर मोजा. पानावर अकरा रोपे म्हटले असेल तर यादीतही अकराच नोंदी हव्यात. फोटोच्या कडेला शेवटची ओळ अर्धी कापली गेलेली असते, किंवा खोडलेला आणि त्याशेजारी पुन्हा लिहिलेला आकडा असे दोन्ही आपण घेतलेले असतात. मी पहिल्यांदा वाचले ते असे:

४७, ५२, ३९, ६५, ४४, ५०, ८९, ४६, ५५, ४९, ५३

आता चढता क्रम. लहानात लहान आकडा शोधायचा, नव्या ओळीत लिहायचा आणि जुन्या यादीत त्यावर काट मारायची. काट मारायचा कंटाळा केला की एखादा आकडा दोनदा येतो किंवा गळतो.

३९, ४४, ४६, ४७, ४९, ५०, ५२, ५३, ५५, ६५, ८९

अकरा नोंदींत मधली सहावी, म्हणून मध्यक ५०. तो बाजूला ठेवला की डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच नोंदी उरतात. डाव्या पाचांतली मधली ४६, हा पहिला चतुर्थक. उजव्या पाचांतली मधली ५५, हा तिसरा चतुर्थक. नोंदी सम संख्येने असतील तर यादीचे सरळ दोन भाग पडतात. एखाद्या भागातही नोंदी सम निघाल्या तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची.

दोन चतुर्थकांमधले अंतर, ५५ वजा ४६, म्हणजे ९. हाच आंतरचतुर्थक विस्तार. यादीचा मधला निम्मा भाग साधारण किती जागेत पसरला आहे ते तो सांगतो. त्याची दीडपट १३.५. ती पहिल्या चतुर्थकातून वजा केली की खालचे कुंपण ३२.५ वर येते, आणि तिसऱ्यात मिळवली की वरचे कुंपण ६८.५ वर. दीडपटीची ही रीत अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांची. दीड हा आकडा सोयीने ठरवलेला आहे, निसर्गनियम नव्हे.

८९ कुंपणाबाहेर पडले. इथे बरेच जण ती नोंद ‘आउटलायर’ म्हणून वगळतात आणि पुढे जातात. मला ते अजिबात पटत नाही. कुंपण फक्त एवढेच सांगते की या नोंदीकडे परत जाऊन बघा. म्हणून मी फोटोतल्या सातव्या ओळीकडे परत गेलो.

पहिल्या सहा ओळी इंग्रजी आकड्यांत होत्या. सातव्या ओळीपासून अक्षर बदललेले होते आणि आकडे देवनागरी होते, पण माझी नजर अजून इंग्रजीतच चालली होती. देवनागरी चारचे डोके घाईत लिहिताना मिटले की तो इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि देवनागरी एक तर इंग्रजी नऊचा जुळा भाऊच. ती नोंद ४१ होती. खात्री कशी करायची? त्याच हातचे दुसरे चार शोधायचे. आठव्या ओळीतल्या ४६ मध्ये आणि दहाव्यातल्या ४९ मध्ये चारचे डोके तसेच मिटलेले होते. तिथे मी चुकलो नव्हतो, कारण शेजारचा देवनागरी सहा किंवा नऊ ओळखू येत होता. ज्याने वही लिहिली त्यालाही विचारून घ्या. मोठा आकडा नकोसा वाटतो एवढ्यावर तो बदलायचा नाही.

दुरुस्त यादी अशी झाली:

३९, ४१, ४४, ४६, ४७, ४९, ५०, ५२, ५३, ५५, ६५

मध्यक ४९, पहिला चतुर्थक ४४, तिसरा ५३. विस्तार पुन्हा ९ च, आणि कुंपणे ३०.५ व ६६.५. आता बाहेर कोणीच नाही. एका चुकीच्या वाचनाने मध्यक फक्त १ ने हलला होता, सरासरी मात्र ४९.२ ची ५३.५ झाली होती. हातची वही वाचताना मी चतुर्थकांवर जास्त विसंबतो ते यामुळेच.

पण ६५ वाले रोप कुंपणाच्या अगदी आत आहे, आणि इथे छोट्या यादीची खरी अडचण दिसते. चतुर्थक काढायच्या रीती एकाहून अधिक आहेत. मघाशी आपण मध्यक बाजूला ठेवला. दुसऱ्या रीतीत तो दोन्ही भागांत धरतात. मग डावीकडे ३९ ते ४९ अशा सहा नोंदी होतात आणि पहिला चतुर्थक ४५ येतो. उजवीकडे ४९ ते ६५, तिसरा चतुर्थक ५२.५. विस्तार ७.५ वर आला, दीडपट ११.२५, वरचे कुंपण ६३.७५. तेच रोप, तीच उंची, आणि ६५ बाहेर!

स्प्रेडशीटमध्ये या यादीसाठी दोन्ही उत्तरे मिळतात. पहिले सूत्र ४४ देते, दुसरे ४५:

```
=QUARTILE.EXC(A1:A11,1)
=QUARTILE.INC(A1:A11,1)
```

तुमचे उत्तर दुसऱ्या कोणाशी जुळत नसेल तर बेरीज-वजाबाकी तपासण्याआधी रीत कोणती वापरली ते विचारा. शेकडो नोंदी असल्या की हा फरक सहसा नगण्य होतो. दहा-अकरा नोंदींत तो निकाल फिरवतो.

यादी आणखी लहान असेल तर कुंपणच आंधळे होते. ३९, ४१, ४४, ४६, ५०० या पाच नोंदी घ्या. मध्यक बाजूला ठेवला की पहिला चतुर्थक ४० आणि तिसरा, म्हणजे ४६ व ५०० ची सरासरी, २७३. विस्तार २३३, वरचे कुंपण ६२२.५. पाचशे चक्क आत! मोठा आकडा स्वतःच तिसऱ्या चतुर्थकाला आणि कुंपणाला वर ओढतो, त्यामुळे या रीतीने पाच नोंदींत सर्वांत मोठा आकडा कधीच बाहेर पडत नाही. अशा यादीत कुंपण न घालता आकडे नुसते डोळ्यांखालून घालावेत.

त्या रोपांच्या पानाखाली मी एवढेच लिहून पाठवले: मध्यक बाजूला ठेवून काढलेले चतुर्थक ४४ आणि ५३, कुंपणे ३०.५ आणि ६६.५, सातवी नोंद ४१ अशी वाचली, चौथे रोप, ६५ मिलिमीटर, काठावर आहे, ते पुन्हा मोजावे.