बेसनाच्या लाडवासोबत कुठली कॉफी?

लाडू खाऊन लगेच हलक्या भाजणीची कॉफी प्यायलात, तर ती हटकून आंबट लागते. दोष कॉफीचा नसतो. जिभेवर साखर असली की आंबटपणा जास्त जाणवतो. म्हणून बेसनाचा लाडू, पुरणपोळी अशा गोडासोबत गडद भाजणीची कॉफी घ्या, तीही बिनसाखरेची. तिचा कडवटपणा गोडाला आवरतो, आणि खरपूस भाजलेल्या बेसनाशी तिचा वास फार सुरेख जुळतो. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी, एवढं प्रमाण पुरे.

कांदाभजीला मात्र उलटं. तिथे हलकी किंवा मध्यम भाजणी, दूध न घालता. भजीवर लिंबू पिळल्यावर तेलकटपणा जसा कमी वाटतो, तसंच काम कॉफीतली आंबट चव करते. भजीत मिरची सढळ असेल तर कॉफी थोडी निवू द्या, कारण गरम घोटाने तिखट आणखी झोंबतं.

लिंबू पिळलेल्या पोह्यांसोबत मी दुधाची फिल्टर कॉफीच घेते. आंबटावर आंबट नको, आणि दुधाने मिरचीही शमते.

जुळलंय का, हे कळायला एक घास, एक घोट आणि पुन्हा एक घास घ्या. दुसरा घास फिका लागला तर भाजणी बदला.