शेवटच्या मिनिटातल्या विजयी गोलची रेडिओ कॉमेंट्री कशी लिहावी

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. रोजच्या बोलण्यात त्याचं काही अडत नाही, पण गोलच्या कॉमेंट्रीत तिथेच घोटाळा होतो. ‘सात नंबरच्या खेळाडूने डाव्या पायाने चेंडू गोलजाळ्यात मारला’ हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. ‘मारला’ येईपर्यंत प्रेक्षक ओरडून मोकळे झालेले असतात. रेडिओवर ऐकणाऱ्याला आधी गर्दीचा आवाज येतो आणि मागाहून कळतं की गोल झाला. स्क्रिप्ट लिहिताना या एका गोष्टीकडे लक्ष ठेवलं तर बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

इथे आपण शाळेच्या अंतिम सामन्यातल्या फक्त शेवटच्या दीड-दोन मिनिटांची स्क्रिप्ट लिहू. सामना मुलींच्या फुटबॉलचा, निळा संघ आणि लाल संघ, गुण एक-एक. मी खेळाडूंना नंबरांनी ओळखतो आहे. तुम्ही तुमच्या स्क्रिप्टमध्ये नावं घाला, पण ती छोटी हवीत आणि एकाच अक्षराने सुरू होणारी दोन नावं नकोत. घाईच्या आवाजात ‘मीना’ आणि ‘मीरा’ यांच्यातला फरक कुणालाच ऐकू येत नाही.

आधी गोल कागदावर काढा

शब्दांना हात लावण्याआधी एक आयत काढा. तेच मैदान. डावीकडे एक गोल, उजवीकडे एक. निळा संघ डावीकडून उजवीकडे खेळतोय हे ठरवून टाका आणि शेवटपर्यंत बदलू नका. कॉमेंट्री करणारा एका लांब कडेला बसलाय, म्हणून ती ‘आपल्या बाजूची कड’ आणि समोरची ‘पलीकडची कड’. ‘उजव्या बगलेतून’ असं लिहिलं की ऐकणारा गोंधळतो, कारण उजवी कुणाची ते त्याला ठरवावं लागतं.

ही अडचण रेडिओइतकीच जुनी आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने पहिल्यांदा फुटबॉल सामन्याची थेट कॉमेंट्री दिली, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. त्या वेळी रेडिओ टाइम्स या साप्ताहिकात मैदानाचा आठ चौकोनांत विभागलेला नकाशा छापला होता. टेडी वेकलम खेळाचं वर्णन करत होते आणि दुसरा आवाज मधून मधून चौकोनाचा नंबर सांगत होता. श्रोता नकाशा समोर ठेवून ऐकायचा. तुमच्या श्रोत्याकडे नकाशा नाही, म्हणून तो तुमच्या वाक्यांतच असायला हवा.

आता त्या आयतावर चेंडूचा रस्ता काढा. आपला गोल असा होतो: लाल संघाला कॉर्नर मिळतो, निळ्यांची गोलरक्षक चेंडू पकडते आणि लगेच लांब फेकते. सात नंबर आपल्या बाजूच्या कडेने धावते आणि क्रॉस देते. दहा नंबरचा फटका खांबाला लागून परत येतो आणि मागून धावत आलेली चार नंबर तो आत मारते. चार नंबर बचावपटू आहे. लालांचा गोल झाला तेव्हा चेंडू तिच्याच पायाला लागून आत गेला होता.

रस्ता काढून झाला की दोन गोष्टी तपासा. पहिली ऑफसाइड. दहा नंबर क्रॉसच्या वेळी चेंडूच्या मागे हवी आणि तिच्या फटक्याच्या वेळी चार नंबरही चेंडूच्या मागे हवी. ती मागून धावत येत असल्यामुळे इथे प्रश्न येत नाही. पण बचावफळीच्या मागे एकटी उभी असलेली खेळाडू, तिच्याकडे लांब पास आणि गोल, असं लिहिलंत तर खेळ कळणारा श्रोता गोलच्या आनंदाऐवजी ‘ऑफसाइड नव्हती का?’ असं म्हणत बसेल. दुसरी गोष्ट वेळ. मैदान साधारण १०० मीटर लांब धरलं तर चार नंबरला स्वतःच्या बॉक्समधून समोरच्या गोलपाशी जायला ७०-८० मीटर धावायचं आहे. शाळकरी मुलीला त्याला बारा-तेरा सेकंद लागतातच. म्हणून गोलरक्षकाच्या फेकीपासून गोलपर्यंत आपण १४ सेकंद धरू.

सेकंदांवरून शब्द ठरवा

या १४ सेकंदांत किती शब्द मावतात? शांतपणे बोलताना आपण सेकंदाला दोनेक शब्द बोलतो, जोरात कॉमेंट्री करताना तीनपर्यंत जातो. म्हणजे फार तर चाळीस शब्द. पण चाळीस भरले तर श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि गर्दीचा आवाज ऐकू येत नाही. तीसच्या आसपास थांबलेलं बरं. पहिल्यांदा लिहिणारे या भागात सहज शंभर शब्द लिहितात. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्या वेळात सात नंबर मैदानाबाहेर पोचली असती.

एवढे कमी शब्द असतील तर भावना कुठे घालायच्या? गोलच्या आधी आणि नंतर. खेळ थांबलेला असतो तेव्हा पूर्ण वाक्यं बोलायची. चेंडू धावत असताना फक्त कुठे आणि कोण. चार नंबरची दुखरी गोष्ट श्रोत्याला कॉर्नर घेण्याआधीच सांगून ठेवायची, म्हणजे गोलच्या क्षणी नुसतं ‘चार!’ म्हटलं तरी ती त्याला आठवते.

आता लिहा

(गर्दीचा आवाज, मध्यम.)

*एक-एक. बरोबरी. साठ मिनिटांचा खेळ संपलाय, पंचांनी दोन मिनिटं वाढवून दिलीत आणि त्यातलं दीड मिनिट गेलंय. लाल संघाला कॉर्नर, आपल्या डाव्या हाताच्या गोलपाशी. निळ्यांची सगळी फौज मागे आलीय. जवळच्या खांबाला चिकटून उभी आहे चार नंबर. पहिल्या अर्ध्यात लालांचा गोल झाला तो हिच्याच पायाला लागून. तेव्हापासून तिनं मान वर केलेली नाही.*

(शिटी.)

*कॉर्नर आला, उंच… गोलरक्षकानं पकडला!*

*लगेच फेकला, आपल्या बाजूला. सात नंबर! सुटली! मधली रेषा ओलांडली… समोर एकच लाल… चुकवली! बॉक्सच्या कडेला. मध्ये दहा, मागून चार येतेय. क्रॉस! दहा… मारला… खांबाला! परत आला. चार! गोल!*

(गर्दी. पाच सेकंद एक शब्दही नाही.)

*चार नंबर… निळे दोन, लाल एक. काही सेकंदंच उरलीत. ज्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला होता, त्याच पायानं. दहा नंबरचा फटका खांबावर आदळून परत आला तेव्हा तिथे तीन लाल मुली होत्या, आणि तिघींची नजर दहा नंबरवर होती. चार नंबर अख्खं मैदान धावून आली होती, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. आता ती खाली बसलीय, दोन्ही हात तोंडावर, आणि गोलरक्षक सगळ्यात लांबून तिच्याकडे धावत येतेय.*

*पंच घड्याळाकडे बघतायत. लाल मध्यावर चेंडू ठेवतायत. सुरू… आणि शिटी! संपला सामना!*

फेकीपासून गोलपर्यंत इथे २९ शब्द आहेत. त्यातले ‘सुटली’, ‘चुकवली’, ‘मारला’ हे शब्द बघा. मराठीत भूतकाळाचं साधं रूप ‘आत्ता, या क्षणी झालं’ असं सांगतं, म्हणून धावत्या खेळाला ते ‘सुटत आहे’ किंवा ‘मारत आहे’पेक्षा चपखल बसतं. ‘येतेय’ मात्र वर्तमानातच हवं, कारण चार नंबर अजून पोचलेली नाही आणि तिची वाट बघायला लावायची आहे. मुलींचा सामना असला की रूपं बोलताना तपासा. ‘मारला’ चेंडूबरोबर चालतो, तो तसाच राहतो. ‘सुटली’, ‘वळली’, ‘धावली’ खेळाडूबरोबर चालतात. पाठ केलेल्या सवयीने ‘सुटला’ निघून गेलं तर श्रोत्याला वाटतं चेंडूच सुटला, आणि चेंडू हातचा गेला असा अर्थ लागून सगळी चढाई उलटी कळते.

गोलनंतरची पाच सेकंदं

ही लिहिणाऱ्याला सगळ्यात जड जातात. कागदावर मोकळी जागा बघवत नाही, म्हणून तिथे ‘अविश्वसनीय! अद्भुत! काय हा क्षण!’ असं काहीतरी भरलं जातं. एका शाळकरी मुलाने मला त्याची स्क्रिप्ट वाचून दाखवली होती, तिच्यात गोलनंतर अशी अकरा विशेषणं होती आणि गुण किती झाले हे कुठेच नव्हतं. विशेषणं काढली, तिथे ‘गप्प’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीत गुण घातले. दुसऱ्यांदा वाचताना तो गप्प बसला तेवढ्यात वर्गातल्या मुलांनी स्वतःहून टाळ्या वाजवल्या. तो आवाज गर्दीनेच भरायचा असतो. शाळेच्या कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली गर्दी लावणार असाल तर ‘गोल’च्या ‘गो’वर आवाज वर न्यायला सांगा, ‘ल’नंतर नव्हे.

शांततेनंतर पहिली तीन कामं ठरलेली आहेत: कुणी मारला, गुण किती, वेळ किती उरला. त्यानंतरच गोल कसा झाला हे सावकाश, पूर्ण वाक्यांत. इथे क्रियापद वाक्याच्या शेवटी आलं तरी चालतं, कारण आता श्रोत्याला घाई नाही. आणि धावत्या खेळात न मावलेली एखादी गोष्ट इथे उघड करता येते. आपल्या स्क्रिप्टमध्ये ती म्हणजे तिघी लाल मुलींची नजर.

गुण आणि मिनिटं स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिहा. वाचताना ‘२-१’ असा आकडा दिसला की ‘दोन वजा एक’ म्हणायला जीभ वळते, निदान एक क्षण अडखळते.

तपासणी

सामन्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या एकाला समोर बसवा. त्याच्या हातात कोरा आयत आणि पेन्सिल द्या, डावीकडे निळ्यांचा गोल एवढंच सांगा. मग स्क्रिप्ट खऱ्या वेगात वाचा आणि त्याला चेंडूचा रस्ता काढायला सांगा. रेघ जिथे थांबते किंवा भलतीकडे वळते तिथे तुमचा एखादा शब्द कमी आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात रेघ मधल्या रेषेवरून थेट गोलसमोर गेली होती, कारण ‘बॉक्सच्या कडेला’ हे दोन शब्द नव्हते आणि क्रॉस कुठून आला ते ऐकणाऱ्याला कळलंच नाही. ते घातले आणि जागा करण्यासाठी ‘वाऱ्याच्या वेगानं’ काढून टाकलं. पुढच्या वाचनात रेघ कडेने गेली, आत वळली, खांबाला लागून मागे आली, आणि ‘चार!’ ऐकताच पेन्सिल जाळ्यात गेली.