फोटोवरून बँक जुळवणी: १०६ रुपये ३० पैशांत दडलेल्या सात नोंदी

बँक जुळवणी पत्रकाच्या पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात फरकांची यादी तयार दिलेली असते. बेरीज-वजाबाकी कुठे करायची एवढेच ठरवायचे असते. नोकरीत मात्र व्हॉट्सॲपवर दोन-तीन फोटो येतात, एक हाताने लिहिलेल्या कॅशबुकच्या पानाचा आणि एक पासबुकाचा. फरक तुम्हालाच शोधावे लागतात. पत्रक मांडायला दहा मिनिटे पुरतात, सगळा वेळ या शोधात जातो.

उदाहरणासाठी एक गृहनिर्माण संस्था घेऊ. बचत खाते नागरी सहकारी बँकेत आहे, कॅशबुक खजिनदार स्वतः लिहितात आणि महिना डिसेंबर २०२४ आहे. कॅशबुकच्या बँक रकान्यात ३१ डिसेंबरची शिल्लक १,८४,३६० रुपये आहे, पासबुकात २,०१,३१६.३० रुपये. म्हणजे फरक १६,९५६.३० रुपयांचा.

आधी फोटो तपासा, मग आकडे

फोटोत पानाचे चारही कोपरे दिसत नसतील तर काम सुरू करू नका, फोटो पुन्हा मागवा. खालची ओळ कापली गेली की ‘पुढे नेले’ची बेरीज जाते, आणि त्या बेरजेशिवाय तुम्ही वाचलेले आकडे बरोबर आहेत की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. पासबुकाचा फोटो महिनाअखेरीनंतर निदान आठ-दहा दिवसांपर्यंतच्या नोंदींचा मागवावा. ३१ तारखेला न वटलेला चेक पुढे खरोखर वटला का, हे त्यातूनच दिसते. पासबुक बरेच दिवस छापून घेतले नसेल तर काही बँका मधल्या नोंदी एकत्र करून एकच रक्कम छापतात. तशी ओळ दिसली तर पासबुक बाजूला ठेवा आणि बँकेकडून खातेउतारा घ्यायला सांगा. एकत्र छापलेल्या रकमेवरून जुळवणी होत नाही.

आता आरंभीची शिल्लक. १ डिसेंबरला कॅशबुकात १,४१,२७५ आहेत आणि पासबुकात १,४८,७७५, म्हणजे महिना सुरू होतानाच ७,५०० चा फरक आहे. नवखा माणूस इथेच अडखळतो. पासबुकात ४ डिसेंबरला ७,५०० चा चेक वटलेला दिसतो आणि डिसेंबरच्या कॅशबुकात तो कुठेच नाही, म्हणून तो ‘नोंदवायचा राहिला’ असे समजून तो पुन्हा खर्ची टाकला जातो. खरे तर तो नोव्हेंबरमध्येच लिहिलेला आहे. नोव्हेंबरच्या पत्रकातल्या ‘दिलेले पण न वटलेले चेक’ या यादीत तो असतो, तिथे खूण करायची आणि विषय संपवायचा. म्हणून मागच्या महिन्याचे पत्रक हाती आल्याशिवाय चालू महिन्याला हात लावू नये.

खुणा करताना

कॅशबुकची नावे बाजू पासबुकच्या जमा रकान्याशी जुळते, आणि कॅशबुकची जमा बाजू पासबुकच्या नावे रकान्याशी. संस्थेसाठी बँक ही येणे असलेली पार्टी, तर बँकेसाठी संस्था ही देणे असलेली, म्हणून बाजू उलट दिसतात. फोटोंची प्रिंट काढून पेन्सिलने खुणा केलेल्या सगळ्यात सोयीच्या. चेक जुळवताना रक्कम आणि चेक क्रमांक दोन्ही पाहावे. संस्थेत दहा सभासद एकाच रकमेचे चेक देतात, त्यामुळे नुसत्या रकमेवर खूण केली की भलताच चेक जुळतो आणि परत आलेला चेक नजरेतून सुटतो.

खुणा झाल्यावर कॅशबुकात बिनखुणेचे उरले ते असे. लिफ्ट देखभालीचा २८ डिसेंबरचा १८,५०० चा चेक आणि टँकरवाल्याचा ६,४०० चा चेक, दोन्ही दिलेले पण वटलेले नाहीत, मिळून २४,९००. सभासदांचे ३,८५० आणि ४,२०० चे दोन चेक ३१ तारखेला संध्याकाळी भरलेले, पण २ जानेवारीला जमा झालेले, मिळून ८,०५०.

या चार चेकांवर थांबले तर काय होते पाहा. १,८४,३६० मध्ये २४,९०० मिळवा, ८,०५० वजा करा. उत्तर येते २,०१,२१०. पासबुकापेक्षा फक्त १०६.३० रुपये कमी. पासबुकात ११८ रुपयांचे शुल्क दिसते आहे, रक्कम जवळपास तेवढीच आहे, तेव्हा ‘बँक चार्जेस आणि किरकोळ’ लिहून पत्रक संपवण्याचा मोह होतो. पण शुल्काने पासबुकाची शिल्लक कमी होते, आणि इथे पासबुकात पैसे जास्त आहेत. फरकाची दिशाच उलटी आहे! तरीही असे मिटवलेले फरक ऑडिटच्या वेळी दरवर्षी सापडतात.

१०६.३० च्या आत काय आहे

पासबुकाच्या बिनखुणेच्या ओळी एकेक करून घेऊ.

२३ डिसेंबरला एनईएफटीने १२,६०० जमा झाले आहेत. ही तीन महिन्यांची देखभाल वर्गणी असावी, कारण ४,२०० ची ती तिप्पट आहे. पण अंदाजाने कोणाच्या खात्याला जमा करू नका. पासबुकात पाठवणाऱ्याचे नाव अर्धेच छापले जाते, आणि ते बऱ्याचदा सभासदाचे नसून भाडेकरूचे किंवा मुलाचे असते. त्या व्यवहाराचा यूटीआर हा ओळख क्रमांक घेऊन खजिनदारांकडून सदनिका क्रमांक पक्का करावा. तोवर बँक खाते नावे आणि रक्कम कोणाची ते कळेपर्यंत ठेवायचे सस्पेन्स खाते जमा. कळल्यावर सस्पेन्समधून सभासदाच्या खात्यात वळवावे.

१८ तारखेला वीजबिलाचे ९,७४० खात्यातून परस्पर कापले गेले. नोंद सोपी आहे, वीज खर्च नावे आणि बँक जमा. तरी ती करण्याआधी जानेवारीच्या कॅशबुकचा फोटो बघा. छापील बिल हातात आल्यावर खजिनदारांनी ते जानेवारीत लिहिले असेल, तर तुमच्या नोंदीमुळे तोच खर्च दोनदा पडेल.

३१ डिसेंबरला तिमाही व्याज १,३१२ जमा झाले: बँक नावे, व्याज जमा. एसएमएस शुल्क १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १७.७० गेले. संस्था जीएसटीत नोंदणीकृत नसेल तर पूर्ण १७.७० बँक शुल्कात जातात.

सर्वात काळजीची नोंद परत आलेल्या चेकची. ९ तारखेला भरलेला ४,२०० चा चेक पासबुकात आधी जमा दिसतो आणि ११ तारखेला नावे. त्याच्याखाली परतीचे शुल्क ११८. कॅशबुकात चेक आल्याची नोंद आहे, पावतीही दिली गेली आहे, परतीची मात्र नाही. इथे जुनी नोंद खोडायची नाही. ११ तारखेची नवी नोंद करायची: सभासदाचे खाते नावे ४,२००, बँक जमा ४,२००. ११८ रुपये सभासदाकडून वसूल करायचे समितीने ठरवले असेल तर तेही त्याच्या नावे, नाहीतर बँक शुल्कात. बँकेचा परतीचा मेमो जपून ठेवायला सांगा. पुढे चेक न वटल्याबद्दल कलम १३८ खाली कोर्टात जायची वेळ आली तर चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि तारखेचा पुरावा तो मेमोच असतो.

शेवटचा फरक खूण करताना रक्कम न जुळल्यामुळे सापडतो. प्लंबरचा चेक पासबुकात ४,५८० ला वटला, कॅशबुकात ४,८५० दिसतो. चेक क्रमांक एकच. फरक २७०, आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की नेहमी असेच होते. पण चूक खजिनदारांची की फोटो वाचताना तुमची, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी रकान्याची बेरीज करा. खर्चाच्या रकान्याखाली १,२५,३१५ लिहिले आहेत. ४,८५० धरून बेरीज तेवढीच येते, ४,५८० धरली तर १,२५,०४५. म्हणजे वहीतच ४,८५० लिहिले गेले आहे. आता बिल मागवा. बिल ४,५८० चे असेल तर बँक नावे २७०, दुरुस्ती खर्च जमा २७०. १ आणि ७, ३ आणि ८ या जोड्याही फोटोत सारख्या दिसतात. तिथेही बेरजेचाच आधार घ्यावा.

आता वजन करून पाहा. कॅशबुकात वाढणारे १२,६००, १,३१२ आणि २७०, मिळून १४,१८२. कमी होणारे ९,७४०, १७.७०, ४,२०० आणि ११८, मिळून १४,०७५.७०. दोन्ही बाजूंना चौदा हजारांच्या नोंदी राहिल्या होत्या, आणि त्या एकमेकींना खाऊन वर फक्त १०६.३० शिल्लक दिसत होते.

पत्रक

दुरुस्तीच्या नोंदी आधी कॅशबुकात करून घ्याव्या आणि पत्रकात फक्त वेळेचे फरक ठेवावे, हे मला सर्वात योग्य वाटते. परीक्षेत सगळे फरक एकाच पत्रकात मांडायला सांगतात, तेही चूक नाही. पण कामात तसे केले की व्याज आणि वीजबिल महिनोन्महिने पत्रकातच फिरत राहतात आणि वहीत कधी येत नाहीत.

| तपशील | रुपये |
|---|---|
| कॅशबुकप्रमाणे शिल्लक | १,८४,३६०.०० |
| मिळवा: राहिलेल्या जमा नोंदी व दुरुस्ती | १४,१८२.०० |
| वजा: राहिलेल्या खर्चाच्या नोंदी व परत आलेला चेक | १४,०७५.७० |
| दुरुस्त कॅशबुक शिल्लक | १,८४,४६६.३० |
| मिळवा: दिलेले, न वटलेले चेक | २४,९००.०० |
| वजा: भरलेले, जमा न झालेले चेक | ८,०५०.०० |
| पासबुकप्रमाणे शिल्लक | २,०१,३१६.३० |

ताळेबंदात जायची ती १,८४,४६६.३० ही रक्कम, पासबुकाची नाही.

डिसेंबरची वही बंद झाली असेल तर दुरुस्तीच्या नोंदी जानेवारीच्या तारखेने करता येतात, फक्त तोवर त्या पत्रकात वेगळ्या दाखवाव्या लागतात. मार्चअखेरीला ही सवलत नाही. तिथे त्या ३१ मार्चपर्यंतच्या वहीतच यायला हव्यात.

पत्रकात उरलेल्या चार चेकांसमोर क्रमांक, तारीख आणि पुढे वटल्याची तारीख लिहा. चेकची मुदत तीन महिने असते. लिफ्टचा २८ डिसेंबरचा चेक मार्चच्या शेवटी तसाच दिसला तर तो आता वटणार नाही. बँक नावे करून रक्कम लिफ्ट कंपनीच्या खात्याला जमा करा. देणे अजून बाकी आहे, त्यामुळे ते संस्थेचे उत्पन्न नव्हे. भरलेल्या चेकांना मात्र इतकी मुदत देऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात, त्यामुळे आता आठवडाभर जमा न झालेला चेक पत्रकात दिसला तर भरणा पावतीवरचा शिक्का बघायला मागा. चेक बँकेत पोहोचलाच नसण्याची शक्यता जास्त असते.