युजेबल होस्टचा प्रश्न सोडवायला बसण्याआधी काय काय तयार पाहिजे

पेपर हातात आला की सगळ्यात आधी रफ पानाच्या कोपऱ्यात एक पट्टी लिहून टाका, 128 64 32 16 8 4 2 1, आणि तिच्याखाली डावीकडून बेरीज करत गेलं की जे येतं ते, म्हणजे 128 192 224 240 248 252 254 255. मिनिटभराचं काम आहे आणि पुढचं सगळं यावरच चालतं. खालच्या ओळीचा अजून एक फायदा असा की मास्कच्या कुठल्याही ऑक्टेटमध्ये या आठ आकड्यांपैकी एखादा किंवा शून्य एवढंच येऊ शकतं, आणि एकदा २५५ पेक्षा कमी आकडा आला की त्याच्या पुढचे सगळे शून्यच असायला हवेत. म्हणजे पर्यायात 255.255.255.200 किंवा 255.255.253.0 दिसलं की काही गणित न करता खोडून टाकायचं, ते मास्कच नाहीत.

मग प्रश्न नक्की काय मागतोय त्याखाली रेघ मारा. एका सबनेटमध्ये किती युजेबल होस्ट हे विचारलंय, का पहिला आणि शेवटचा अॅड्रेस विचारलाय, का चार पर्याय देऊन यातला कुठला होस्टला देता येईल असं विचारलंय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला दिलेला आयपी लागतच नाही, फक्त प्रिफिक्स पुरतो, तरी पोरं आख्खी रेंज काढत बसतात आणि वेळ घालवतात.

आता एक उदाहरण पूर्ण करू, आणि मुद्दाम /24 च्या अलीकडचं घेतो कारण गाडी अडते ती तिथेच. प्रश्न असा, होस्टचा आयपी 172.16.77.130 आणि मास्क 255.255.240.0, तर युजेबल रेंज सांगा. आधी मास्कचा प्रिफिक्स करून घ्या, दोन वेळा २५५ म्हणजे १६ बिट झाले, २४० हा आपल्या खालच्या ओळीत चौथा म्हणजे अजून ४, एकूण /20. होस्टसाठी उरले ३२ वजा २० म्हणजे १२ बिट, 2^12 = 4096, त्यातला एक अॅड्रेस नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा, ते वजा केले की ४०९४. हे वजा दोन फक्त होस्टच्या संख्येत करायचं, सबनेट किती होतील असं विचारलं तर तिथे आता करत नाहीत, जुन्या पुस्तकांत दिसेल पण तो नियम मागे पडलाय.

रेंजसाठी मास्कचा जो ऑक्टेट २५५ पण नाही आणि शून्य पण नाही तो धरा, इथे तिसरा. २५६ वजा २४० म्हणजे १६, हा ब्लॉक साइज. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये १६ चा पाढा म्हणा, ०, १६, ३२, ४८, ६४, ८०, आणि आपला ७७ कुठे बसतो ते बघा, ६४ आणि ८० च्या मध्ये. म्हणून नेटवर्क अॅड्रेस 172.16.64.0, पुढचं नेटवर्क 172.16.80.0, आणि ब्रॉडकास्ट म्हणजे पुढच्या नेटवर्कच्या बरोबर एक आधीचा, 172.16.79.255. युजेबल रेंज झाली 172.16.64.1 ते 172.16.79.254.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 172.16.77.1 ते 172.16.77.254 असं लिहून मोकळं होणं, कारण /24 ची सवय हाताला लागलेली असते आणि तिसरा ऑक्टेट तसाच उतरवला जातो. ही पकडायला सोपी आहे, रेंजमधले अॅड्रेस मोजून बघा. चुकीच्या रेंजमध्ये २५४ च येतात आणि आपण तर ४०९४ काढलेत. बरोबर रेंजमध्ये ६४ पासून ७९ पर्यंत १६ आकडे, प्रत्येकात २५६, गुणाकार ४०९६, दोन गेले, जुळलं. संख्या एका वाटेने आणि रेंज दुसऱ्या वाटेने काढून ही जुळणी करायचीच, दहा सेकंद लागतात.

यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही, शेवटी .0 किंवा .255 आहे एवढ्यावरून अॅड्रेस बाद करू नका. याच सबनेटमध्ये 172.16.70.0 हा होस्टला देता येतो, आणि 172.16.71.255 पण. पटत नसेल तर बिट मांडा. ७० म्हणजे 01000110, त्यातले पहिले चार बिट नेटवर्कचे, होस्टचे उरले 0110 आणि पुढच्या ऑक्टेटमधले आठ शून्य. होस्टचे बाराही बिट शून्य असते तर तो नेटवर्क अॅड्रेस, इथे दोन एक आहेत त्यामुळे साधा होस्ट. ब्रॉडकास्टला बाराही एक लागतात, आणि ७१ च्या होस्ट भागात 0111 आहे, एक शून्य मध्ये आलंच. उलट बाजूने 192.168.10.95/27 दिसायला अगदी निरुपद्रवी वाटतो, पण ब्लॉक ३२ चा, नेटवर्क ६४ ला सुरू, पुढचं ९६ ला, म्हणजे ९५ हा चक्क ब्रॉडकास्ट आहे आणि तो कुठल्याच मशीनला देता येणार नाही. पर्यायवाल्या प्रश्नात हेच दोन प्रकार एकत्र ठेवलेले असतात.

प्रश्न उलटा आला, म्हणजे लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर आहेत, कुठला मास्क द्याल असा, तर राऊटर मोजायला विसरू नका. /27 मध्ये युजेबल ३० च आणि डिफॉल्ट गेटवे म्हणून राऊटरच्या इंटरफेसला याच रेंजमधला एक अॅड्रेस द्यावा लागतो, मग गरज ३१ ची झाली आणि /26 घ्यावा लागतो, जो ६२ देतो. मात्र प्रश्नात नुसतं ३० होस्ट असं म्हटलं असेल आणि राऊटरचा उल्लेखच नसेल तर /27 च लिहा, मनाने भर घालायची नाही.

/31 आणि /32 ला वजा दोनचं सूत्र लावू नका. सूत्राने /31 ला शून्य येतं, पण RFC 3021 मुळे (२००० साली आलं) दोन राऊटरमधल्या पॉइंट टू पॉइंट लिंकवर ते दोन्ही अॅड्रेस वापरता येतात. /32 म्हणजे एकच अॅड्रेस, बहुतेक वेळा लूपबॅकला देतात.

सराव करताना /17 ते /23 मधलेच जास्त घ्या, आणि हाताने काढून झालं की मगच हे चालवून ताळा करा:

```
import ipaddress
n = ipaddress.ip_network("172.16.77.130/20", strict=False)
print(n.network_address, n.broadcast_address)
print(n.num_addresses - 2)
```

strict=False लिहायचं राहिलं तर एरर येतो, कारण आपण नेटवर्क अॅड्रेस न देता त्यातल्या एका होस्टचा अॅड्रेस दिलाय. आणि /31 टाकून बघितलंत तर शेवटच्या ओळीत शून्य छापून येईल, तिथे list(n.hosts()) प्रिंट करा, दोन्ही अॅड्रेस दिसतील.