तेच वाईट स्वप्न सारखं पडत होतं, ते कसं थांबलं (माझा अनुभव)

स्वप्न एकच, लोकलच्या गर्दीत लेकाचा हात सुटतो, तो प्लॅटफॉर्मवर राहतो आणि गाडी सुटते. आठवड्यातून तीन-चारदा, पहाटे चारच्या सुमारास, आणि जाग आल्यावर सगळं लख्ख आठवायचं. जायफळ घातलेलं दूध, रात्री मोबाईल बंद, स्तोत्र, सगळं केलं. झोपायचीच भीती वाटायला लागली होती.

शेवटी सायकॉलॉजिस्टनी सांगितलेलं हे चाललं. आधी स्वप्न जसंच्या तसं वहीत लिहिलं, एकदाच. मग जिथून ते बिघडतं तिथून बदललं: मी साखळी ओढते, गाडी थांबते, लेक धावत येऊन मला बिलगतो. बदल काय करायचा ते आपणच ठरवायचं. मग रोज दुपारी पूर्ण जागी असताना पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त नवीन स्वप्न बघायचं, त्याच्या हाताच्या घामासकट, जुनं परत उगाळायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात कमी झालं, पाचव्यात बंद.

पण लेकावर हे करायला गेले ते चुकलंच. तो पाच वर्षांचा, झोपल्यावर तासाभराने किंचाळत उठतो, डोळे उघडे पण मला ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही. ते वाईट स्वप्न नाही, नाईट टेरर, गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं. बदलायला स्वप्नच नाही, मग काय बदलणार? त्याला हलवून उठवत नाही, पडू नये म्हणून जवळ बसते, आणि झोपेची वेळ अर्धा तास अलीकडे आणलीय.