ग्रेडियंट डिसेंटमध्ये लर्निंग रेट कसा ठरवावा

मॉडेलचा लॉस कमी होण्याऐवजी वाढत जाऊन शेवटी पडद्यावर `nan` दिसू लागला, तर आधी लर्निंग रेट तपासा. तो किती मोठा चालेल याला हद्द असते, आणि साध्या उदाहरणात ती हाताने काढता येते.

500, 700 आणि 900 चौरस फुटांची तीन घरं घ्या. किमती 40, 56 आणि 72 लाख. क्षेत्रफळ शंभर चौरस फुटांत मोजलं तर x म्हणजे 5, 7, 9, आणि शोधायचा भाव w = 8 लाख.

आधी वक्रता काढा. लॉस म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचा अर्धा भाग धरला, तर वक्रता ही x च्या वर्गांची सरासरी असते: (25 + 49 + 81) / 3 = 51.67. w पाशी उतार येतो 51.67 × (w − 8), आणि प्रत्येक पायरीत w मधून रेट × उतार वजा होतो, म्हणून w चं 8 पासूनचं अंतर दर पायरीला (1 − रेट × 51.67) पट होतं. सगळं या गुणकावर ठरतं.

रेट 0.01 घेतला तर गुणक 0.48 येतो. w शून्यापासून 4.13, 6.13, 7.10 असा सरळ 8 कडे जातो. 0.03 ला गुणक −0.55 होतो: 12.4, 5.58, 9.33. इथे w दर वेळी 8 ओलांडतो, पण जवळ येत राहतो. त्यामुळे नुसत्या हेलकाव्यांना घाबरू नका. आता 0.05 चालवून पाहा:

```python
x = [5, 7, 9]; y = [40, 56, 72]
w, rate = 0.0, 0.05
for k in range(3):
    g = sum(a*(w*a - b) for a, b in zip(x, y)) / 3
    w -= rate * g
    print(round(w, 2))
```

उत्तरं येतात 20.67, −12.06, 39.75. गुणक −1.58 आहे. पायरी दिशेने बरोबरच पडते, पण दरीचा तळ ओलांडून पलीकडे आधीपेक्षा उंच जागी पोचते. तिथे उतार जास्त तीव्र, म्हणून पुढची उडी आणखी मोठी. लॉस दर पायरीला सुमारे अडीचपट होतो. हद्द 2 / 51.67, म्हणजे 0.0387 आहे. लॉसच्या सूत्रात अर्धा लिहिला नाही, तर वक्रता दुप्पट होते आणि हद्द निम्मी. दुसऱ्याच्या कोडमधला रेट उचलताना हे हमखास निसटतं.

एकक बदललं तरी हद्द हलते. क्षेत्रफळ थेट 500, 700, 900 असं दिलं तर वक्रता 10,000 पट होते आणि हद्द 0.0000039 वर येते. अनेक रकाने असतील तर सर्वांत तीव्र दिशा हद्द ठरवते, आणि त्या छोट्या रेटने सपाट दिशा रखडते. म्हणून रेटला हात लावण्याआधी प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा.

न्यूरल नेटवर्कमध्ये वक्रता जागोजागी बदलते, तिथे सूत्र पुरत नाही. 0.001, 0.003, 0.01, 0.03 असे रेट थोड्या पायऱ्या चालवून पाहा. ज्या रेटला लॉस सतत चढू लागतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करा. पुढे कधी लॉस पुन्हा चढू लागला, तर आधीचे जतन केलेले वेट्स परत घेऊन रेट निम्मा करा. उधळलेल्या वेट्सवरून पुढे चालवू नका.